एएस क्रमांकापुढचा देश: तो कुठून येतो आणि किती सांगतो

प्रश्न: ठाण्यातल्या एका सहकारी पतसंस्थेचे संगणकाचे काम मी पाहतो. आमच्या लॉगिन पानावर रात्री एका अनोळखी आयपीवरून सारखे प्रयत्न होत होते. एका संकेतस्थळावर त्या आयपीचा एएस क्रमांक आणि त्यापुढे 'US' असे दिसले. लेखापरीक्षक म्हणतात, 'हल्ला अमेरिकेतून झाला' असे अहवालात लिहा. एएस क्रमांकाचा देश नेमका कुठून काढायचा, आणि त्यावरून असे विधान करता येते का?

उत्तर:

असे विधान करता येत नाही. त्या दोन अक्षरांवरून एवढेच म्हणता येते की, ज्या संस्थेच्या नावावर तो एएस क्रमांक, म्हणजे इंटरनेटवरच्या एका स्वतंत्र जाळ्याचा ओळख क्रमांक, आहे तिने नोंदणी करताना आपला पत्ता अमेरिकेतला दिला होता. तुमच्या लॉगिन पानाला धडका देणारे यंत्र कुठे होते आणि त्या यंत्रामागे कोण बसले होते, हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे नोंदवहीत नसतात. गाडीच्या पाटीवर एमएच-०४ असले की ती ठाण्यात नोंदवली आहे एवढे कळते, आज ती कुठे उभी आहे ते कळत नाही, तसेच हे आहे. तरीही ही खूण टाकाऊ नाही. ती नीट वाचली तर तक्रार कोणाकडे करायची हे ती अचूक सांगते, म्हणून आधी ती मुळातून कशी काढायची ते पाहू.

एएस क्रमांक जगभर वाटण्याचे काम आयाना ही संस्था करते. ती क्रमांकांचे गठ्ठे पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना देते: उत्तर अमेरिकेसाठी आरिन, युरोप आणि पश्चिम आशियासाठी राइप एनसीसी, आशिया-प्रशांतसाठी एपनिक, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी ॲफ्रिनिक. भारतात २०१२ पासून निक्सी या भारतीय इंटरनेट एक्स्चेंज संस्थेच्या अखत्यारीतली इरिन ही राष्ट्रीय नोंदणी संस्था एपनिकच्या छत्राखाली क्रमांक देते, त्यामुळे तिने दिलेले भारतीय क्रमांकही एपनिकच्या यादीत `IN` या खुणेसह सापडतात. या पाचही संस्था आपल्या वाटपाची यादी दररोज साध्या मजकुराच्या फायलीत प्रसिद्ध करतात. संकेतस्थळांवर जो देश झळकतो तो बहुतेक वेळा याच फायलींमधून उचललेला असतो, म्हणून मधल्या संकेतस्थळावर विसंबण्यापेक्षा मूळ ओळ स्वतः पाहावी. एपनिकच्या `delegated-apnic-latest` या फायलीतली एक ओळ अशी आहे:

```
apnic|JP|asn|173|1|20020801|allocated
```

डावीकडून वाचत गेल्यास नोंदणी संस्था, देशाची दोन अक्षरे, वाटपाचा प्रकार, सुरुवातीचा क्रमांक, तिथून सलग किती क्रमांक दिले तो आकडा, तारीख आणि स्थिती असा क्रम लागतो. पाचव्या रकान्याकडे नवशिक्यांचे हमखास दुर्लक्ष होते. तिथे १ ऐवजी मोठा आकडा असेल तर त्या एका ओळीत सलग अनेक क्रमांक सामावलेले असतात, आणि तुमचा क्रमांक मधला असेल तर साध्या शोधात तो सापडतच नाही. मग क्रमांक 'बेवारस' आहे असा गैरसमज होतो. शोध असा घ्यावा:

```
awk -F'|' -v n=173 '$3=="asn" && $2!="*" && n>=$4 && n<$4+$5' delegated-apnic-latest
```

याच फायलीची `extended` नावाची विस्तृत आवृत्ती असते. तिच्यात ओळीच्या शेवटी धारकाची एक सांकेतिक खूण दिलेली असते. त्या नोंदणी संस्थेच्या यादीत ती खूण ज्या-ज्या ओळींवर दिसेल ते सर्व एएस क्रमांक आणि सलग आयपींचे पट्टे एकाच धारकाचे आहेत असे समजावे. तपासाच्या दृष्टीने मला ही खूण देशाच्या दोन अक्षरांपेक्षा कितीतरी मोलाची वाटते, कारण नावे बदलून घेतलेले क्रमांकही तिच्यामुळे एका मालकाखाली येऊन बसतात.

यानंतर त्या नोंदणी संस्थेची सविस्तर नोंद `whois` ने पाहावी. इथे प्रत्येक संस्थेची मांडणी निराळी आहे. एपनिकच्या नोंदीत एएस क्रमांकाखालीच `country` हा रकाना दिसतो. राइपच्या एएस क्रमांकाच्या नोंदीत देशाचा रकाना नसतो, तिथे `org` पुढची खूण घेऊन संस्थेची नोंद उघडावी लागते आणि देश तिथे सापडतो. आरिनमध्ये देश हा संस्थेच्या टपाली पत्त्याचा भाग असतो. म्हणजे तिन्ही ठिकाणी हा देश जोडलेला आहे तो संस्थेला, तिच्या कागदोपत्री पत्त्याला. केबल, राउटर किंवा सर्व्हर यांचा त्या रकान्याशी संबंध येत नाही. नोंदणी संस्था अर्जदाराची कागदपत्रे पाहतात, त्याची यंत्रे जगात कुठे-कुठे आहेत याची यादी ठेवत नाहीत. जुन्या नोंदींत कधी `EU` दिसते, ते एका देशाचे नाव नव्हे. `ZZ` दिसले तर क्रमांक कोणालाच दिलेला नाही किंवा देश नोंदलेलाच नाही असे समजावे. आणि क्रमांक ६४५१२ ते ६५५३४ यांमधला असेल तर तो खासगी वापराचा आहे, त्याचा देश शोधण्यात अर्थ नाही.

आता तुम्ही पाहिलेले 'US' नेमके कशापुढे लिहिले होते ते तपासायला हवे, कारण एका आयपीच्या चौकशीत देश दोनदा येतो आणि दोन्ही वेळी तो सारखाच असेल असे नाही. टीम सिमरू या गटाची मोफत सेवा ही चौकशी एका ओळीत देते. सर्वांना परिचित असलेला एक आयपी घेऊन ती चालवून पाहा:

```
whois -h whois.cymru.com " -v 1.1.1.1"
13335 | 1.1.1.1 | 1.1.1.0/24 | AU | apnic | 2011-08-11 | CLOUDFLARENET, US
```

ओळीच्या मधोमध `AU` आहे आणि शेवटी `US` आहे. मधला `AU` हा आयपीच्या पट्ट्याचा देश आहे, कारण `1.1.1.0/24` हा पट्टा एपनिककडे नोंदलेला असून एपनिकचे कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे. शेवटचा `US` हा एएस क्रमांक १३३३५ चा देश आहे, कारण तो पट्टा २०१८ पासून क्लाउडफ्लेअर ही अमेरिकी कंपनी आपल्या क्रमांकाखाली जगाला जाहीर करते, म्हणजे या पट्ट्याची वाहतूक आपल्याकडे पाठवा असे इतर जाळ्यांना कळवते. तारीखसुद्धा पट्ट्याच्या वाटपाची आहे, क्लाउडफ्लेअरने तो जाहीर करायला सुरुवात केली त्या दिवसाची नाही. आता ठाण्यातल्या संगणकावरून `https://1.1.1.1/cdn-cgi/trace` हे पान उघडा आणि त्यातली `colo` ची ओळ पाहा. तिथे `BOM` असे आले, तर तुम्हाला उत्तर देणारे यंत्र मुंबईत आहे. एका आयपीच्या कागदावर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका, आणि प्रत्यक्ष यंत्र तुमच्यापासून लोकलने गाठता येईल इतक्या अंतरावर. यात कोणी काही लपवलेले नाही, सगळ्या नोंदी आपापल्या जागी खऱ्या आहेत. एकच आयपी जगभरच्या अनेक यंत्रांवर ठेवायचा आणि विचारणाऱ्याला जवळच्या यंत्राने उत्तर द्यायचे, ही पद्धत मोठ्या सेवांमध्ये रूढ आहे, आणि तिथे 'या आयपीचा देश' हा प्रश्नच लागू पडत नाही.

उलट दिशेचा दाखला आपल्या घरचाच आहे. टाटा कम्युनिकेशन्स ही मुंबईची कंपनी, पूर्वीची विदेश संचार निगम. तिचा एएस क्रमांक ४७५५ भारताच्या नावे आहे. परंतु तिचे जगभर पसरलेले मुख्य जाळे ६४५३ या क्रमांकाखाली चालते, आणि तो क्रमांक आरिनकडे टाटा कम्युनिकेशन्सच्या अमेरिकेतल्या कंपनीच्या नावे, `US` या खुणेसह आहे. कारण इतिहासात आहे: विदेश संचार निगमने २००६ मध्ये टेलिग्लोब ही कॅनडातून चालणारी कंपनी घेतली आणि तिचे जाळे क्रमांकासह आले. तेव्हा एखाद्या मार्गात ६४५३ दिसला म्हणून 'वाहतूक अमेरिकी कंपनीकडून आली' असे लिहिणाऱ्याने मालकही चुकवला आणि ठिकाणही चुकवले असे होऊ शकते.

तुमच्या प्रकरणाशी जुळणारे एक प्रकरण थोडे जवळून सांगतो. खरे क्रमांक देत नाही, त्याऐवजी उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आयपी `203.0.113.40` आणि एएस ६४५०० वापरतो. ठाण्यातल्याच एका संस्थेच्या लॉगिन पानावर मध्यरात्रीनंतर या आयपीवरून चुकीच्या पासवर्डांचा मारा झाला होता. चौकशीच्या ओळीत पट्ट्याचा देश `GB` होता आणि एएस क्रमांकाचा देश `SC`, म्हणजे सेशेल्स. 'ब्रिटनमधून की सेशेल्समधून' यावर तिथे चर्चा रंगली होती. मी आधी वेळ मोजायला सांगितली. ठाण्यातल्या फायबर जोडणीवरून त्या आयपीला `ping` केल्यावर सर्वांत कमी वेळ २.६ मिलिसेकंद आला.

हा आकडा सगळा वाद संपवतो. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. २.६ मिलिसेकंद हा जाण्यायेण्याचा एकूण वेळ आहे, म्हणजे एका दिशेला १.३ मिलिसेकंद, म्हणजे फार तर २६० किलोमीटर. केबल कधीच सरळ रेषेत जात नाही आणि वाटेतले राउटरही वेळ खातात, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर याहून कमीच असणार. लंडन मुंबईपासून ७,००० किलोमीटरहून अधिक दूर आहे, तिथून ७० मिलिसेकंदांच्या आत उत्तर येणे निसर्गनियमातच बसत नाही. वाटेतले राउटर दाखवणाऱ्या `traceroute` मध्ये शेवटून दुसऱ्या टप्प्यावरच्या राउटरच्या नावात `bom` होते आणि त्या राउटरचा आयपी एका भारतीय होस्टिंग पुरवठादाराच्या एएस क्रमांकातला होता. यंत्र मुंबई परिसरातल्या कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये होते, बहुधा महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात, पण 'बहुधा' हा शब्द मी तेव्हाही काढू दिला नाही, कारण वेळेच्या मोजणीतून गावाचे नाव सिद्ध होत नाही.

या मोजणीलाही मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. कमी वेळ आला तर यंत्र जवळ आहे हे सिद्ध होते, पण जास्त वेळ आला म्हणून ते दूर आहे असे सिद्ध होत नाही, कारण तुमच्या पुरवठादाराने वाट सिंगापूरवरून नेली असेल तर शेजारच्या इमारतीतले यंत्रसुद्धा दूर भासते. म्हणून मोजणी वेगवेगळ्या वेळी घ्यावी आणि त्यांतला सर्वांत लहान आकडाच धरावा. आयपी अनेक ठिकाणी ठेवलेला असेल तर तुम्हाला उत्तर देणारे यंत्र आणि तुमच्यावर मारा करणारे यंत्र निराळे असू शकते, तेव्हा दुसऱ्या देशातूनही मोजून पाहावे. भारतातून ३ आणि जर्मनीतूनही ३ मिलिसेकंद आले तर तो आयपी एका जागेचा नाही हे उघड आहे. आणि यंत्र ऐरोलीत सापडले तरी माणूस ऐरोलीत आहे असे होत नाही. महिन्याच्या भाड्याने घेतलेले ते आभासी यंत्र जगातल्या कुठल्याही खोलीतून चालवता येते.

त्या प्रकरणात सेशेल्सची नोंद मात्र वाया गेली नाही. त्या धारकाच्या नोंदीतला तक्रारीचा ईमेल तिथूनच मिळाला. त्यावर उत्तर आले नाही, पण एएस ६४५०० ला भारतात जोडणी देणाऱ्या पुरवठादाराला लॉगसह कळवल्यावर ते यंत्र बंद झाले. दूरच्या बेटावर नोंदलेल्या कंपन्या अशा कामात वारंवार दिसतात, कारण नोंदणीपुरता पत्ता मिळवणे तिथे सोपे असते. अशा वेळी देशाचे नाव वाचून थांबू नये, त्या जाळ्याला जोडणी देणारे शेजारचे एएस क्रमांक पाहावेत. वाहतूक शेवटी कोणीतरी आपल्या केबलवरून वाहून आणत असतो आणि तो बहुधा आपल्या आवाक्यातला असतो.

लेखापरीक्षकांची पुढची सूचना 'परदेशी एएस क्रमांक सरसकट बंद करा' अशी येते, म्हणून त्याबद्दलही सांगतो. त्याने तो मुंबईतला मारा थांबला असता हे खरे, कारण क्रमांक सेशेल्सचा होता. पण त्याच नियमाने पनवेलला गेलेला तुमचा शाखा व्यवस्थापकही बाहेर राहू शकतो. आयफोनवर प्रायव्हेट रिले ही खरा आयपी झाकणारी सोय चालू असेल तर सफारीतली वाहतूक क्लाउडफ्लेअर, अकामाय किंवा फास्टली यांच्या आयपीवरून बाहेर पडते आणि तो बसला असेल पनवेलला तरी एएस क्रमांक अमेरिकी कंपनीचा दिसतो. उलट कोणी भारतीय होस्टिंगवरचे यंत्र भाड्याने घेतले तर ते `IN` म्हणून बिनबोभाट आत येते. चुकीच्या पासवर्डांची मर्यादा आणि दुसऱ्या पायरीची पडताळणी यांवर वेळ खर्च करावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

एक शेवटची गफलत वेळेची. आयपीचा पट्टा आज ज्या एएस क्रमांकाखाली जाहीर होतो, त्याच क्रमांकाखाली तो माऱ्याच्या रात्री होता असे गृहीत धरू नये. पट्टे भाड्याने दिले जातात, विकले जातात, आणि कधी चुकून भलताच कोणी ते जाहीर करतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमच्या १७५५७ या क्रमांकाने यूट्यूबचा `208.65.153.0/24` हा पट्टा स्वतःचा म्हणून जाहीर केला आणि काही काळ जगभरच्या राउटरांनी ते खरे मानले. त्या वेळी चौकशी करणाऱ्याला यूट्यूबच्या आयपीपुढे पाकिस्तान दिसला असता. म्हणून राइपच्या राइपस्टॅट या संकेतस्थळावरच्या राउटिंग इतिहासात तुमच्या लॉगची वेळ घालून त्या क्षणीचा क्रमांक काढावा. तो इतिहास यूटीसी वेळेत असतो आणि तुमचा लॉग भारतीय वेळेत, तेव्हा साडेपाच तास वजा करायला विसरू नये. रात्री दीडची घटना तिथे आदल्या दिवशीच्या रात्री आठ वाजता सापडेल. सर्व्हरचे घड्याळ अचूक लावलेले आहे याची खात्रीही आधी करून घ्यावी. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सांभाळायचे असतातच, त्यामुळे मूळ फाइल न बदलता वेगळी काढून ठेवावी.

अहवालात मी तुमच्या जागी असतो तर असे लिहिले असते: "अमुक तारखेला भारतीय प्रमाणवेळेनुसार अमुक ते अमुक या वेळेत अमुक आयपीवरून लॉगिनचे अयशस्वी प्रयत्न झाले. त्या वेळी हा आयपी अमुक एएस क्रमांकाखाली जाहीर होत होता. आरिनच्या अमुक तारखेच्या यादीनुसार या क्रमांकाच्या धारकाचा नोंदणीकृत देश अमेरिका आहे. आयपीच्या पट्ट्याचा नोंदणीकृत देश अमुक आहे. ठाण्याहून मोजलेला किमान प्रतिसादवेळ अमुक मिलिसेकंद असून त्यानुसार यंत्र ठाण्यापासून अमुक किलोमीटरपेक्षा दूर असू शकत नाही. यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीचे ठिकाण या माहितीवरून निश्चित करता येत नाही. धारकास आणि त्याच्या जोडणी पुरवठादारास अमुक तारखेला कळवले आहे." अंतराचे वाक्य प्रतिसादवेळ खरोखरच कमी आला तरच ठेवावे. तो २०० मिलिसेकंद आला असेल तर आकडा तेवढा नोंदवावा आणि त्यावरून अंतराबद्दल काहीही लिहू नये.